धीर, सबुरी, दम आणि कळ: संयमाच्या म्हणी नेमक्या कुठे बसतात

माझा भाचा इंदूरला भंवरकुआच्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. घरात मराठी, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असं आमच्याकडे तीन पिढ्यांपासून चालत आलंय. एका रविवारी पोहे खाता खाता त्यानं विचारलं, "आत्या, 'सब्र का फल मीठा होता है' याला मराठीत काय म्हणतात गं?"

मी म्हटलं, "सबुरीचं फळ गोड." आतून माझी आई म्हणाली, "धीरापोटी फळं गोमटी." दादानं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तिसरंच उत्तर दिलं, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

भाच्याला वाटलं, तिन्ही एकच. तसं नाही. त्यानंतरच्या दीड वर्षात त्याच्या परीक्षेच्या निमित्तानं घरातल्या प्रत्येकानं त्याला संयमाच्या म्हणी ऐकवल्या. काही अचूक बसल्या, काही चुकीच्या जागी लागल्या आणि दुखल्या. कोणती म्हण कुठे बसते हे मला त्या काळात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं, म्हणून त्याच्याच परीक्षेच्या क्रमानं सांगते.

आधी शब्द पाहू. हिंदीत बहुतेक सगळं काम 'सब्र' हा एक शब्द करतो. मराठीत ते निदान चार शब्दांत वाटलं गेलंय. 'सबुरी' हा त्याच 'सब्र'चा भाऊ, मूळ अरबी. हवंसं काही समोर असताना हात आवरून धरणं म्हणजे सबुरी. 'सबूर!' असं नुसतं ओरडलं तरी माणूस जागच्या जागी थांबतो. 'धीर' वेगळा. आपण धीर देतो, धीर सुटतो, धीर खचतो. हे सगळं भीतीच्या वेळचं बोलणं आहे. पोटात गोळा आलेला असताना माणूस जे धरून राहतो तो धीर. 'दम' म्हणजे श्वास, म्हणून 'जरा दम धर' हे थोड्या वेळापुरतं असतं, मिनिटांचं किंवा तासांचं. एखाद्याला कोणी 'दोन वर्षं दम धर' म्हणालं तर ते कानाला खटकतं. आणि 'कळ' म्हणजे वेदना. 'थोडी कळ काढ' म्हणताना, तुला दुखतंय हे मला माहीत आहे, अशी कबुली त्यातच असते.

हे चार शब्द वेगळे ठेवले की म्हणी आपोआप वेगळ्या होतात.

मराठीचा एक स्वभाव मला फार आवडतो. 'धीर धर' असं थेट सांगणाऱ्या म्हणी आपल्याकडे थोड्याच आहेत. उतावीळपणा कसा दिसतो ते दाखवणाऱ्या मात्र पुष्कळ, आणि त्यातली प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या घाईवर बोट ठेवते. त्यातल्या तीन लोक सर्रास एकमेकींच्या जागी वापरतात.

पहिली, 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग'. इंदूरच्या मुलांची इथे पहिली अडचण होते ती बाशिंगाची. आपल्याकडच्या लग्नांत साफा असतो, सेहरा असतो, मराठी घरांत मुंडावळ्या असतात, पण बाशिंग फारसं दिसत नाही. बाशिंग म्हणजे मुंडावळ्या नव्हेत. मुंडावळ्या कपाळावरून आडव्या जाऊन कानांजवळ लोंबणाऱ्या माळा, तर बाशिंग हा कागद, बेगड, भेंड यांचा, कपाळावर उभा बांधायचा मुकुटासारखा दागिना. तो बांधायची एकच जागा, कपाळ. या नवऱ्याला इतकी घाई झालीय की कपाळ कुठलं आणि गुडघा कुठला एवढंही भान उरलेलं नाही.

म्हणजे या म्हणीतली चूक नुसत्या वेगाची नाही, जागेची आणि क्रमाची आहे. योग्य गोष्टच करायची, पण अस्थानी किंवा अवेळी. भाच्यानं पूर्वपरीक्षेचा अर्ज भरला आणि त्याच आठवड्यात मुलाखतीसाठी कोट शिवायला टाकला. त्याच्या परीक्षेला तीन टप्पे आहेत: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. कोट लागणारच होता, पण तिसऱ्या टप्प्यावर. आई म्हणाली, "उतावळा नवरा." एवढंच. म्हण तंतोतंत बसली. तो वरमला आणि हसलाही.

आईनं म्हण अर्धीच सोडली हे लक्षात घ्या. बोलताना आपण अशा म्हणी बहुधा अर्ध्याच म्हणतो: 'उतावळा नवरा', 'पी हळद', 'असेल माझा हरी'. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या मनात पुरा होतो. इथल्या ज्या मुलांना उरलेला अर्धा माहीतच नसतो, त्यांना मात्र हे बोलणं अधांतरी वाटतं. म्हणून घरात लहान कोणी असेल तर म्हण एकदा तरी पूर्ण म्हणावी.

दुसरी म्हण, 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी'. तूर अजून बाजारातच आहे, घरात दाणा आलेला नाही, आणि तिचं काय करायचं, वरण की आमटी, पातळ की घट्ट, यावरून नवरा बायकोवर हात उगारतोय. शेवटचं चित्र आज मला बोचतं, त्यामुळे मी 'बाजारात तुरी' इथेच थांबते, आणि तेवढं पुरतं. या म्हणीला किमान दोन माणसं आणि एक भांडण लागतं. जी वस्तू हाती आलेली नाही तिच्या वाटणीवरून किंवा उपयोगावरून आजच वितुष्ट आणणं, हा तिचा नेमका अर्थ. एकटा माणूस स्वप्नं रंगवत बसला असेल तर ही म्हण त्याला पुरती लागत नाही.

आमच्याकडे ती लागली दादा आणि वहिनीच्या बाबतीत. मुलाची पूर्वपरीक्षा महिन्यावर असताना दोघांत वाद पेटला: नोकरी लागल्यावर त्यानं झाबुआला जायचं की इंदूरजवळचं ठाणं मिळेपर्यंत खटपट करायची. दादाचं म्हणणं, पहिलं पोस्टिंग लांबचंच घ्यावं, माणूस घडतो. वहिनी रडवेली झाली. दोन दिवस अबोला. मी म्हटलं, "अहो, तुरी अजून बाजारात आहेत." म्हणीनं वाद मिटवला नाही, पण दोघांनाही कळलं की हा वाद आज करण्याची गरज नाही. इथे 'उतावळा नवरा' म्हटलं असतं तर सगळा दोष मुलावर गेला असता, आणि त्याचा तर वादाशी संबंधही नव्हता.

याच वादाच्या जवळ राहणारी आणखी एक म्हण आहे, 'घोडामैदान जवळच आहे'. घोडा आहे, मैदान आहे, धावून दाखवायची वेळ येतेच आहे, आत्ता तोंडानं कशाला ठरवता? दादा त्याच्या मित्राला एकदा म्हणाला, "पोराचा अभ्यास कच्चा आहे." भाच्यानं ते ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, घोडामैदान जवळच आहे." परीक्षा खरोखर जवळ आली असेल तेव्हाच ही म्हण शोभते. वर्षभर आधी म्हटली तर ती पोकळ बढाई होते.

तिसरी, 'पी हळद आणि हो गोरी'. हळद लावल्यानं किंवा घेतल्यानं कांती उजळते हा जुना समज. म्हण म्हणते, इकडे पेला रिकामा केला आणि तिकडे आरशात पाहिलं. या माणसानं काम केलंय, ते योग्य जागीही केलंय, पण काम आणि फळ यांच्यामधला वेळच त्याला मान्य नाही. 'उतावळा नवरा' क्रम चुकवतो, 'बाजारात तुरी'वाला नसलेल्या वस्तूवर भांडतो, आणि 'पी हळद'वाला काल पेरलेलं आज उकरून पाहतो. भाचा सलग 12 दिवस अर्थशास्त्र वाचून सराव परीक्षेला बसला, गुण होते तसेच राहिले, आणि तो पुस्तक बदलायला निघाला. "अर्थशास्त्र मला जमतच नाही," म्हणाला. तेव्हा 'पी हळद' हीच म्हण योग्य होती, कारण त्याची पद्धत चुकलेली नव्हती, मोजायला तो लवकर गेला होता. तोच 6 महिने वाचत राहिला असता आणि तरी गुण हलले नसते, तर मात्र ही म्हण ऐकवणं अन्याय झाला असता. तेव्हा पद्धतच तपासायला हवी होती. ही म्हण वापरण्यापूर्वी, फळ यायला साधारण किती वेळ लागतो हे सांगणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. निमाडातली तूर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरली की हिवाळ्यात काढणीला येते. तिथल्या शेतकऱ्याला दिवाळीत कोणी विचारलं, "अजून तूर घरात आली नाही?" तर चूक विचारणाऱ्याची.

आता करत राहण्याच्या म्हणी. 'थेंबे थेंबे तळे साचे' सगळ्यांना येते, त्यामुळे थोडक्यात. तिच्यात वाट पाहणं नाहीच, फक्त साचणं आहे. रोज थोडं, आणि आधीचं टिकलेलं. रोज एका प्रकरणाच्या टिपा काढणाऱ्याला ती लागू आहे. रविवारी 10 तास बसून सोमवार ते शनिवार पुस्तक न उघडणाऱ्याला नाही, कारण तो थेंब नव्हे, पूर आहे. नापास झालेल्याचं सांत्वन करायलाही ती घेऊ नये. रिकाम्या तळ्याकाठी बसलेल्याला थेंबांचा हिशेब ऐकवत नाहीत.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीपाशी मात्र थांबायला हवं, कारण तिचा गैरवापर सर्वांत जास्त होतो आणि तो माणसाला इजा करतो.

भाच्यानं पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची पाण्याची टाकी आली. ही टाकी वेगळी. पाथरवटाची छिन्नी म्हणजे टाकी. पूर्वी पाटा किंवा जातं गुळगुळीत झालं की त्याला 'टाकी लावून' घ्यायचे, म्हणजे छिन्नीनं बारीक खाचा पाडून तो दगड पुन्हा खरबरीत करायचे. त्यासाठी दारोदार फिरणारा तो टाकारी. दगडाची मूर्ती घडते ती याच टाकीनं, म्हणून दगडाला देवपण हवं असेल तर घाव सोसावे लागतात.

या म्हणीत तीन गोष्टी गृहीत आहेत आणि आपण त्या विसरतो. एक, घाव घालणाऱ्या हाताला कला येते. दोन, त्याच्या मनात मूर्तीचं चित्र आहे. तीन, प्रत्येक घावानं काही तरी नको असलेलं निघून जातंय, म्हणजे दगड हळूहळू आकाराला येतोय. या तिन्ही असतील तरच म्हण खरी.

भाच्याच्या बाबतीत ती एका ठिकाणी बसली आणि एका ठिकाणी नाही. मुख्य परीक्षेसाठी तो उत्तरं लिहून एका सरांना दाखवायचा. पहिल्या वहीत शाईपेक्षा लाल रंग जास्त होता. "प्रस्तावना लांब. प्रश्न काय, उत्तर काय? उदाहरण कुठंय?" तो घरी येऊन वही आपटायचा. पण चौथ्या वहीत प्रस्तावनेवरचा शेरा गेलेला होता, आठव्यात उदाहरणं आली होती. दादानं तेव्हा 'टाकीचे घाव' म्हटलं ते शंभर टक्के बरोबर होतं, कारण आकार येताना दिसत होता.

त्याच काळात खर्च भागवायला तो एका दुकानात संध्याकाळी हिशेब लिहायला जायचा. तिथला मालक गिऱ्हाइकांसमोर त्याला अद्वातद्वा बोलायचा, पगार आठ-दहा दिवस उशिरा द्यायचा, आणि शिकवायचा काहीच नाही. तेव्हाही दादा म्हणाला, "सोस रे, टाकीचे घाव." आई एरवी मध्ये बोलत नाही, ती म्हणाली, "हे टाकीचे घाव नव्हेत. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे."

या दुसऱ्या म्हणीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मार बसतोय, आणि ओरडायचीही सोय नाही, कारण तोंड दाबलेलं आहे. गरज, भीती किंवा लाज यांनी ते दाबलेलं असतं. बाहेरून दोन्ही माणसं सारखीच गप्प दिसतात. फरक ओळखायचा असेल तर विचारावं: 3 महिन्यांपूर्वी जे येत नव्हतं ते आज येतं का? आणि घाव घालणाऱ्याला 'का' असं विचारता येतं का? सरांना विचारता येत होतं, ते समजावून सांगायचे. मालकाला विचारता येत नव्हतं. भाच्यानं ते काम सोडलं आणि मुलांच्या शिकवण्या धरल्या. सोसण्याच्या सगळ्या म्हणींपैकी ही एकच म्हण सोसू नकोस असं सुचवते, म्हणून ती वेळेवर आठवणारं माणूस घरात हवं.

आता थांबण्याच्या म्हणींकडे येते. पूर्वपरीक्षा झाली, निकाल यायचा होता. भाचा पलंगावर पडून फोन बघत होता. "अब तो जो होना है होगा," म्हणाला. आई लगेच म्हणाली, "असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी." खाटलं म्हणजे खाट, बाज. हरी असेलच तर खाटेवर आणून देईल, असं म्हणणाऱ्या आळशाच्याच तोंडचं हे वाक्य आहे. आपण ते त्याला परत ऐकवतो. लोक ही म्हण श्रद्धेची म्हणून वापरतात तेव्हा अर्थ नेमका उलटा होतो. "चिंता नको, असेल माझा हरी" असं आजाऱ्याच्या नातेवाइकांना कुणी सांगितलं तर ते मराठी चुकलं, आणि त्यांना लागणारंही आहे.

मुख्य परीक्षा झाल्यावर चित्र तेच होतं: पेपर देऊन झालेले, निकाल यायचा. पण या वेळी त्यानं शक्य ते सगळं केलं होतं, आणि त्याला रात्री झोप येत नव्हती. म्हणजे भीती होती. आता 'धीर धरी, धीरापोटी असती फळे गोमटी' या म्हणीची वेळ आली. 'पोटी' म्हणजे पोटी जन्मणं, जसं 'अमक्याच्या पोटी जन्मला'. फळ बाहेरून बक्षीस म्हणून मिळत नाही, धीराच्याच पोटातून येतं. 'गोमटी' म्हणजे सुंदर. हिंदीतलं फळ गोड आहे, आपलं देखणं आहे. आई त्याच्या उशाशी बसून हे म्हणाली तेव्हा त्यात उपदेश नव्हता, सोबत होती. हीच म्हण पूर्वपरीक्षेनंतर फोन बघत लोळणाऱ्या मुलाला ऐकवली असती तर त्याच्या लोळण्यालाच मान्यता मिळाली असती.

निकाल लागला आणि थोडक्या गुणांनी त्याचं नाव गेलं. त्या संध्याकाळी दादाला काही सुचेना, तो पुन्हा थेंबे थेंबेकडे वळत होता. मी त्याला खुणेनं थांबवलं. अशा वेळी मराठीत एकच ओळ आहे, तुकाराम महाराजांची, जी आता म्हण झालीय: 'आलिया भोगासी असावे सादर'. लोक तिचा अर्थ 'नशिबापुढे मान तुकव' असा घेतात. पण शब्द नीट पाहा. 'आलिया', म्हणजे आलेल्या. येईल अशा नव्हे, टाळता येईल अशा नव्हे, येऊन उभ्या ठाकलेल्या. आणि 'सादर' म्हणजे समोर हजर, तयार. पाठ न फिरवता उभं राहायचं. पुढचं चरण 'देवावरी भार घालूनियां' आहे, तेव्हा भार देवावर टाकायचा खरा, पण हजर आपणच राहायचं. म्हणून ही ओळ घडून गेलेल्या गोष्टीसाठी आहे. लग्न ठरण्यापूर्वी मुलीला, किंवा तपासण्या व्हायच्या आधी रुग्णाला ती ऐकवू नये, कारण तिथे अजून काही बदलता येतं.

त्या दिवशी ती ऐकून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्यानं गुणपत्रक छापून घेतलं आणि कोणत्या पेपरात किती गेले ते पेन्सिलीनं मांडायला बसला.

आता तो पुन्हा पूर्वपरीक्षेच्या तयारीत आहे. परवा माझी मामेबहीण आली होती, तिनं त्याच्यासाठी रतलामचं एक स्थळ आणलं होतं. मुलगी कोण, घर कसं, लग्न इंदूरला की रतलामला, मांडव कुणाच्या दारात, इथपर्यंत गोष्टी गेल्या आणि आई नि मामेबहीण यांच्यात मांडवावरून खटका उडाला. भाचा पुस्तक घेऊन खोलीतून बाहेर आला तशी मामेबहीण म्हणाली, "या, आला बघा उतावळा नवरा."

तो म्हणाला, "आत्या, मी कुठे काय बांधलंय? ही तर बाजारात तुरी आहे," आणि पुस्तक काखोटीला मारून गच्चीवर वाचायला गेला.